पहिल्या अप्रेझलमधला ‘मी’

मार्च सरत आला की कंपनीच्या एचआर पोर्टलवर एक फॉर्म उघडतो. नाव, हुद्दा, रुजू झाल्याची तारीख हे सगळं आधीच भरलेलं असतं. त्याखाली रिकामी चौकट: या वर्षातली आपली कामगिरी लिहा. नोकरीला वर्षही न झालेला कर्मचारी या चौकटीपाशी हमखास अडतो. कामं तर भरपूर केलेली असतात, पण आपलीच कामं आपणच लिहायची म्हणजे स्वतःची टिमकी वाजवल्यासारखं वाटतं. मग शेवटच्या संध्याकाळी तीन ओळी लिहून फॉर्म पाठवला जातो: ‘नेमून दिलेले सर्व काम वेळेत पूर्ण केले. टीमला सहकार्य केले. नवीन गोष्टी शिकण्याची तयारी आहे.’

या ओळींत खोटं काही नाही, उद्धटपणाही नाही. अडचण वेगळीच आहे. त्या कुणाच्याही नावावर खपतील. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याच्या फॉर्ममध्ये त्या जशाच्या तशा टाकल्या, तरी कुणाला फरक कळणार नाही.

हा फॉर्म पुढे कुठे जातो, हे पहिल्या वर्षी सहसा कुणी सांगत नाही. तो आधी थेट वरिष्ठांकडे जातो. बऱ्याच मध्यम आणि मोठ्या कंपन्यांत त्यानंतर एक बैठक होते. तिला कुठे कॅलिब्रेशन म्हणतात, कुठे नॉर्मलायझेशन. वेगवेगळ्या विभागांचे वरिष्ठ एकत्र बसतात आणि आपापल्या लोकांना दिलेली रेटिंग्ज एकमेकांसमोर ठेवतात. ‘याला चार का?’ असा प्रश्न येतो आणि वरिष्ठांना मिनिटभरात उत्तर द्यावं लागतं. ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय, तो तिथे नसतो. वरिष्ठांना दहा-बारा माणसांचं वर्षभराचं काम तोंडपाठ नसतं, त्यांच्या हाताशी असतो तो फॉर्म. म्हणजे या चौकटीतला मजकूर मुळात वरिष्ठांसाठी असतो, त्यांना दुसऱ्या खोलीत तुमच्या वतीने बोलता यावं म्हणून. हे लक्षात घेतलं, की काय लिहायचं आणि काय गाळायचं यातले निम्मे प्रश्न सुटतात. ‘टीमला सहकार्य केले’ हे वाक्य त्या बैठकीत उच्चारूनही काही उपयोग होत नाही.

सरकारी नोकरीतही तत्त्व हेच आहे. केंद्र सरकारच्या वार्षिक कार्यमूल्यमापन अहवालात कर्मचारी आधी स्वतःच्या कामाविषयी लिहितो आणि त्यापुढे प्रतिवेदन अधिकाऱ्याला त्या मजकुराशी आपण सहमत आहोत की नाही, हे नोंदवावं लागतं. मोघम वाक्याशी सहमत काय आणि असहमत काय व्हायचं? तपासता येईल असं काही लिहिलेलं असेल, तरच त्या सहमतीला वजन येतं.

एक जागा डोळ्यांसमोर ठेवू. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात असतो तसा सुटे भाग बनवणारा मध्यम आकाराचा कारखाना. तिथल्या अकाउंट्समध्ये जुलैत रुजू झालेली एक तरुणी. तिच्याकडे स्थानिक पुरवठादारांची बिलं, महिन्याला साधारण चारशे. काम बाहेरून सोपं दिसतं. बिल आलं की ते पर्चेस ऑर्डरशी आणि स्टोअर्सने माल उतरवून घेतल्याच्या नोंदीशी, म्हणजे जीआरएनशी, जुळवायचं. तिन्ही कागद जुळले की बिल पास. पण माल आलाय आणि जीआरएन झालेला नाही, किंवा बिलावरचा दर ऑर्डरमधल्या दराहून वेगळा आहे, अशा कारणांनी बिलं अडकतात. ती अडकली की पुरवठादारांचे फोन सुरू होतात.

ही व्यक्ती आणि तिचे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण अशी टेबलं जवळपास प्रत्येक कारखान्यात आहेत.

तिच्या पहिल्या मसुद्यात असं होतं: ‘पुरवठादारांची सर्व बिले वेळेवर व अचूक पास केली.’ हे वाक्य तपासायला बसलं की लगेच डळमळतं. सर्व म्हणजे किती? वेळेवर म्हणजे किती दिवसांत? आणि मार्चअखेरही काही बिलं अडकलेली आहेतच, म्हणजे ‘सर्व’ हा शब्द चुकीचा ठरतो. वरिष्ठांना ते ठाऊक असेल, तर त्या एका शब्दामुळे पुढच्या खऱ्या ओळींवरचाही त्यांचा विश्वास कमी होतो.

मैत्रिणीने सांगितलं, ‘अगं, जरा दणक्यात लिही.’ मग दुसरा मसुदा झाला: ‘संपूर्ण पेमेंट प्रक्रियेत आमूलाग्र सुधारणा घडवून आणली व प्रलंबित बिलांची समस्या सोडवली.’ इथे दुसरं टोक गाठलं. प्रक्रिया तिची एकटीची नाही, त्यात स्टोअर्स आहे, पर्चेस आहे. कॅलिब्रेशनच्या बैठकीत स्टोअर्सचे वरिष्ठही बसलेले असणार. त्यांच्या विभागाने केलेलं काम दुसऱ्या कुणाच्या नावावर वाचलं गेलं, तर ते तिथल्या तिथे हरकत घेतील.

दोन्ही मसुद्यांचा रोग एकच आहे. दावा आहे, पुरावा नाही. पहिला नम्र वाटतो आणि दुसरा बढाईखोर, पण वाचणाऱ्याच्या हाती दोन्हींतून काहीच लागत नाही.

पुरावा शोधायला ती तीन ठिकाणी गेली. पहिलं, एजिंग रिपोर्ट. कोणतं बिल किती दिवसांपासून थांबलंय, हे त्यातून कळतं. जुलैअखेर तीस दिवसांहून जास्त काळ थांबलेली बिलं होती १४० आणि मार्चअखेर ३८. दुसरं, पाठवलेल्या मेलचा फोल्डर. त्यात ऑगस्टमधला एक मेल सापडला. अडकलेली बिलं एकेक करून तिने पाहिली होती आणि कारणं मांडून वरिष्ठांना पाठवली होती: १४० पैकी ८२ बिलांचा जीआरएन नव्हता, ४१ बिलांत दराचा फरक होता, उरलेली १७ किरकोळ कारणांनी थांबली होती. हा मेल ती स्वतःच विसरून गेली होती. पहिल्या वर्षी असंच होतं. सुरुवातीच्या महिन्यांत सगळं नवखं असतं, आपण काही विशेष केलं असं वाटतच नाही, आणि फॉर्म भरताना फक्त जानेवारीनंतरचं आठवतं. तिसरं ठिकाण म्हणजे कॅलेंडर. सप्टेंबरपासून दर शुक्रवारी स्टोअर्सला जीआरएन नसलेल्या बिलांची आणि पर्चेसला दरफरकाच्या बिलांची यादी पाठवायची आठवण तिने तिथे लावून ठेवली होती.

१४० वरून ३८. हा आकडा छान दिसतो, पण अजून तो पुरावा झालेला नाही. जाणकार वरिष्ठ त्यावर दोन प्रश्न विचारतील आणि त्यांची उत्तरं लिहिणाऱ्याने आधीच शोधून ठेवलेली बरी. पहिला प्रश्न, बिलांची आवकच घटली नव्हती ना? महिन्याला चारशे येणारी बिलं मार्चमध्ये दीडशेवर आली असती, तर अडकलेली बिलं आपोआप कमी झाली असती आणि त्यात कुणाचंच कर्तृत्व नसतं. तिने पाहिलं, आवक तेवढीच होती. दुसरा प्रश्न जास्त नाजूक आहे: हे नेमकं कुणामुळे घडलं? डिसेंबरमध्ये स्टोअर्सने माल आला त्याच दिवशी जीआरएन करायचा, असा नियम केला होता. घट काही प्रमाणात त्यामुळे आहे, हे उघड आहे.

इथे बहुतेक जण बिचकतात. दुसऱ्याचा वाटा लिहिला तर आपला कमी होईल, अशी धास्ती वाटते. आपला वाटा जास्त आठवणं हा माणसाचा स्वभावच आहे. कॅनडात मायकल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवरा आणि बायको दोघांना वेगवेगळं विचारलं होतं, की घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती. दोघांनी सांगितलेल्या वाट्यांची बेरीज बहुतेक कामांत शंभर टक्क्यांच्या वर गेली. कुणी मुद्दाम खोटं बोलत नव्हतं. स्वतः केलेलं प्रत्येकाला सहज आठवतं, दुसऱ्याने केलेलं तितकंसं आठवत नाही. ऑफिसातही हेच घडतं, आणि म्हणूनच दुसऱ्याचा वाटा नोंदवणारा फॉर्म वाचणाऱ्याला विश्वासार्ह वाटतो. स्टोअर्सचे वरिष्ठ अशा ओळीवर हरकत घेणार नाहीत, उलट मान डोलावतील.

मात्र दुसऱ्याला श्रेय देणं म्हणजे स्वतःला पुसून टाकणं नव्हे. ‘आमच्या टीमने प्रलंबित बिले कमी केली’ असं लिहिलं, तर तिने काय केलं ते कळतच नाही. ‘प्रलंबित बिलांबाबत पाठपुरावा करण्यात आला’ असं लिहिलं, तर करणाराच गायब होतो. हा सरकारी पत्रांतला कर्मणी प्रयोग मराठी माणसाच्या हाती सहज येतो आणि नम्रही भासतो, पण अप्रेझलमध्ये तो घातक आहे. क्रिया स्वतःची असेल, तर ‘मी’ लिहायचा. ‘मी यादी पाठवते’ या वाक्यात बढाई कुठे आहे?

बढाई नेमकी कुठे सुरू होते, यावर बेल्जियमच्या मानसशास्त्रज्ञ व्हेरा हूरेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एक मोलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘मी इतरांपेक्षा चांगला आहे’ असं म्हणणारा माणूस ऐकणाऱ्यांना खटकला. पण ‘मी चांगला आहे’ किंवा ‘मी पूर्वीपेक्षा चांगला झालो आहे’ असं म्हणणाऱ्याबद्दल तेवढी नाराजी दिसली नाही. म्हणजे लोकांना खुपतं ते इतरांना खाली ठेवणं. स्वतःबद्दल चांगलं सांगण्याचा त्यांना तितका राग नसतो. पहिल्या अप्रेझलसाठी हा फार सोयीचा निष्कर्ष आहे. तुलना करायचीच तर ती जुलैशी करावी, किंवा कंपनीने ठरवून दिलेल्या मुदतीशी. ‘विभागात सर्वांत जास्त बिले मी पास केली’ हे खरं असलं तरी लिहू नये. बाकीच्यांकडे आयातीची अवघड बिलं असतील, तर ती तुलना न्याय्यही नाही. ती करायचं काम वरिष्ठांचं आहे आणि ते करण्याइतकी माहिती त्यांच्याकडेच असते.

एक गोष्ट अजून राहिली. बिलं वेळेत पास झाल्याने कंपनीला काय मिळालं? ‘पुरवठादार खूश झाले’ हे फार ढोबळ झालं. कायद्याने या कामाला अलीकडे मोठी किंमत आली आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घेतलेल्या मालाचे पैसे लेखी करार असेल तर त्यातल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असं २००६ चा एमएसएमई विकास कायदा सांगतो. करार नसेल, तर १५ दिवसांत. आयकर कायद्यात आलेली आणि कर निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून लागू झालेली तरतूद त्याच्या पुढे गेली. ही मुदत चुकली, तर तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच वजावटीस पात्र ठरतो. म्हणजे ३१ मार्चला असं मुदत उलटलेलं बिल थकलेलं राहिलं, की कंपनीचं करपात्र उत्पन्न त्या वर्षापुरतं वाढतं. अकाउंट्समधल्या वरिष्ठांना हे सांगावं लागत नाही, पण बैठकीतल्या उत्पादन विभागाच्या वरिष्ठांना सांगावं लागतं. म्हणून ‘मार्चअखेर थांबलेल्या बिलांत लघु उद्योगांचं ४५ दिवसांवरचं एकही नाही’ अशी ओळ, ती खरी असेल तर, फार कामाची. तिने यादी तपासली तेव्हा अशी दोन बिलं निघाली. तिने आकडा दोन असाच लिहिला.

अखेर चौकटीत जे गेलं ते असं:

‘स्थानिक पुरवठादारांची महिन्याला सुमारे ४०० बिले माझ्याकडे असतात. ३० दिवसांहून अधिक काळ थांबलेली बिले जुलैअखेर १४० होती, मार्चअखेर ३८ आहेत. एजिंग रिपोर्ट सोबत जोडला आहे. या काळात बिलांची आवक साधारण तेवढीच राहिली. ऑगस्टमध्ये मी थांबलेल्या बिलांची कारणे तपासली. १४० पैकी ८२ बिले जीआरएनअभावी अडकली होती. सप्टेंबरपासून दर शुक्रवारी मी स्टोअर्सला व पर्चेसला अशा बिलांची यादी पाठवते. डिसेंबरपासून स्टोअर्सने त्याच दिवशी जीआरएन करण्याचा नियम केला, त्याचा या घटीत मोठा वाटा आहे. उरलेल्या बिलांत लघु उद्योगांची ४५ दिवसांवरची दोन आहेत. दोन्ही दरफरकाची असून पर्चेसच्या मंजुरीसाठी आहेत.’

यात ‘उत्कृष्ट’, ‘अत्यंत’, ‘यशस्वीरीत्या’ यांपैकी एकही शब्द नाही. रात्री किती वाजेपर्यंत थांबले, तेही नाही. मार्चच्या क्लोजिंगला सगळेच थांबतात आणि उशिरापर्यंत बसणं हे कामाच्या दर्जाचं मोजमाप नव्हे. विशेषण लिहायचा मोह झाला की ते खोडून वाक्य पुन्हा वाचावं. अर्थ उणावला नाही, तर विशेषण फुकटचं होतं. खोडल्यावर वाक्यात काहीच उरलं नाही, तर वाक्यच फुकटचं होतं.

टक्केवारीचाही असाच मोह होतो. १४० वरून ३८ म्हणजे सुमारे ७३ टक्के घट. हे लिहायला हरकत नाही, पण मूळ दोन्ही आकडे सोबत हवेत. दोन चुकांवरून एक चूक झाली, ते ‘चुकांत ५० टक्के घट’ असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं आणि ते योग्यच आहे. सुरुवातीचा आकडा कुणी नोंदवलाच नसेल, तर तो मागाहून घडवू नये. ‘रुजू झाले तेव्हाची नोंद उपलब्ध नाही, ऑक्टोबरपासूनचे आकडे देत आहे’ असं सरळ लिहावं.

ज्यांच्या कामात असे आकडे नसतात त्यांनी काय करायचं? रिसेप्शनवर बसणारा, डिझाइन करणारी, प्रशिक्षण देणारा. त्यांचा पुरावा वापरात असतो. आपण केलेली वस्तू आता कोण वापरतं? आपल्यामुळे एखादी पद्धत बदलली का? नव्या माणसांसाठी लिहिलेली दोन पानी टिपण आता दुसऱ्या शाखेतही दिली जाते, हे वाक्य कुठल्याही टक्केवारीइतकं भक्कम आहे, कारण ते दुसऱ्या शाखेला फोन करून तपासता येतं. कुणा ग्राहकाने कौतुकाचा मेल लिहिला असेल, तर त्यातले गोड शब्द उतरवण्याऐवजी तारीख आणि विषय द्यावा. मेल वरिष्ठांच्या इनबॉक्समध्ये असतोच.

आता फॉर्ममधला सर्वांत टाळला जाणारा भाग: सुधारणेला वाव. इथे ‘मी फार परफेक्शनिस्ट आहे’ छापाचं उत्तर वाचून वाचून वरिष्ठ कंटाळलेले असतात. आपल्या उदाहरणातल्या तरुणीकडून नोव्हेंबरमध्ये एका बिलाचे पैसे दोनदा गेले होते. एकदा बिल क्रमांक तिरक्या रेघेसह टाइप झाला, दुसऱ्यांदा रेघेविना. सिस्टिमला ती दोन वेगळी बिलं वाटली आणि डुप्लिकेटचा इशारा आला नाही. पुरवठादाराच्या खात्याचा मेळ घालताना ते ध्यानात आलं आणि रक्कम पुढच्या पेमेंटमधून वळती झाली. हे वरिष्ठांना माहीत आहे. फॉर्ममध्ये ते नसेल, तर त्याची अनुपस्थिती डोळ्यांत भरेल. तिने चार ओळींत लिहिलं: काय झालं, कसं कळलं, रक्कम परत कशी आली, आणि आता पेमेंटआधी ती पुरवठादार, तारीख व रक्कम या तिन्हींवर यादी लावून सारख्या नोंदी तपासते, त्यानंतर असा प्रकार झालेला नाही. माफीचे शब्द त्यात नाहीत, कारणांची यादीही नाही. चुकीची अशी नोंद वरच्या १४० आणि ३८ या आकड्यांनाही आधार देते. जी गैरसोयीचं लिहिते, तिचं सोयीचंही खरं असणार, असं वाचणारा मानतो.

शेवटी स्वतःला गुण द्यायचे असतात, बहुधा एक ते पाच. काही जण भाजीबाजारातल्यासारखा हिशेब करतात: वरिष्ठ एक कापणारच, म्हणून आपण पाच लिहू. त्याने वर दिलेल्या साऱ्या पुराव्याचं वजन जातं. उलट काही जण, विशेषतः मुली, चांगलं काम करून तीनवर थांबतात. क्रिस्टीन एक्सली आणि जड केसलर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत चाचणीत सारखेच गुण मिळवूनही स्त्रियांनी स्वतःच्या कामगिरीचं वर्णन पुरुषांपेक्षा उणं केलं. आपले नेमके गुण आणि इतरांच्या तुलनेतलं स्थान सांगितल्यावरही हा फरक मिटला नाही. म्हणून गुण देताना मनाला विचारू नये, फॉर्ममधल्या व्याख्येला विचारावं. ‘चार म्हणजे अपेक्षेपेक्षा जास्त’ असं लिहिलेलं असेल, तर अपेक्षा काय होती ते वर्षाच्या उद्दिष्टांत पाहावं. थांबलेली बिलं साठच्या आत आणणं हे उद्दिष्ट असेल आणि ती ३८ असतील, तर त्या उद्दिष्टापुढे चार लिहिताना संकोचायचं कारण नाही. अचूकतेच्या उद्दिष्टापुढे, दोनदा गेलेल्या पेमेंटमुळे, तिने तीन लिहिले.

फॉर्म बहुतेक ठिकाणी इंग्रजीत भरावा लागतो. आधी मराठीत लिहून मग इंग्रजीत नेलं, तर पुस्तकी इंग्रजी शब्दांचे फुगे कमी येतात. पुरावा जोडताना पुरवठादारांचे दर आणि बँक खात्यांचे तपशील झाकावेत. हे रिपोर्ट स्वतःच्या खासगी मेलवर पाठवून ठेवणं बऱ्याच कंपन्यांत नियमभंग ठरतं, तेही टाळावं. बऱ्याच पोर्टलवर ‘सबमिट’ दाबल्यावर मजकुराला कुलूप लागतं, आणि तो बदलायचा तर वरिष्ठांना फॉर्म परत पाठवावा लागतो. म्हणून मुदतीच्या दोन दिवस आधी मसुदा तयार ठेवावा.

ज्यांचं यंदाचं पहिलं अप्रेझल नुकतंच पार पडलं असेल, त्यांनी या महिन्याअखेरीपासून आपल्या कामाचा महत्त्वाचा रिपोर्ट दर महिन्याला ऑफिसच्याच फोल्डरमध्ये तारखेसह साठवायला सुरुवात करावी. काही सिस्टिममध्ये मागच्या तारखेचा रिपोर्ट नंतर काढता येतो, काहींत येत नाही, आणि आपली कोणती आहे ते पुढच्या मार्चमध्ये कळून उपयोग नसतो.